कळत-नकळत काही चुकलं असेल तर…

जानेवारी सरत आला की दहावीची मुलं एकाएकी सभ्य होतात. वर्षभर ज्यांना ‘बाकावरून खाली उतर’ असं रोज सांगावं लागतं, तीच मुलं स्टाफरूमच्या दारात उभी राहून ‘आत येऊ का बाई?’ असं विचारू लागतात. पूर्वपरीक्षा आटोपलेली असते, अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण अजून शाळेच्याच हातात असतात आणि निरोप समारंभाची तारीख फळ्यावर लागलेली असते. हे तिन्ही योग एकत्र जुळून आले की कोणाच्याही मनात कृतज्ञता दाटून यावी. पूर्वी हा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर यायचा, कारण बोर्डाचे पेपर मार्चमध्ये असत. 2024 साली परीक्षा 1 मार्चला सुरू झाली आणि 2025 साली 21 फेब्रुवारीलाच. तेव्हापासून गहिवरसुद्धा आठ-दहा दिवस अलीकडे ओढून घ्यावा लागतो.

मी मराठी शिकवते. त्यामुळे प्रयोगाच्या वह्या विज्ञानाच्या सरांकडे जातात आणि निरोपाची भाषणं माझ्याकडे येतात. नियमाप्रमाणे दोन भाषणं असतात, एक मुलीचं आणि एक मुलाचं. मुलीचं नाव ठरवायला वेळ लागत नाही. जी वर्गात पहिली येते ती बोलते. मुलाच्या नावावर मात्र चर्चा होते. हुशार मुलं ‘बाई, अभ्यास आहे’ म्हणून मागे सरतात आणि ज्यांना बोलायची हौस असते त्यांची नावं ऐकताच मुख्याध्यापक चष्मा काढून ठेवतात. शेवटी ज्याचा आवाज सर्वांत मोठा त्याला उभं करतात. तो आवाज खाली यावा म्हणून आम्ही सगळ्यांनी दहा महिने जिवाचं रान केलेलं असतं, हे त्या दिवसापुरतं कोणी काढत नाही.

एका वर्षी मुलीचा कागद आधी आला. समास आखलेला, शीर्षकाखाली दोन रेघा, परिच्छेद पाच. शाळेबद्दलच्या पाखरं, घरटं, कुंभार, मातीचा गोळा या सर्व सामग्रीची हजेरी लागलेली. तो वाचताना माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला आणि मी खाली 8 पैकी 7 लिहून मोकळी झाले. मग लक्षात आलं, की तिने प्रसंगलेखनाचं उत्तरच आणून दिलं होतं. ‘शाळेतील निरोप समारंभ’ हा विषय कुमारभारतीच्या पेपरासाठी पिढ्यान् पिढ्या तयार करून घेतला जातो. त्यामुळे मुलं निरोप घेण्याच्या कितीतरी आधी निरोप घेऊन बसलेली असतात, तोही मुद्द्यांसकट. ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’ हे वाक्य तिने सहामाहीलाही लिहिलं होतं. तेव्हाही मी त्यावर बरोबरची खूण केली होती.

मुलाचा कागद दुसऱ्या दिवशी आला. हा रफ वहीतून टरकावलेला होता आणि त्याच्या पाठीमागे क्रिकेटचा धावफलक होता. त्याने गाईड उघडलेलं नव्हतं. त्याला सांगितलं होतं, ‘शाळेबद्दल तुला जे वाटतं ते लिही,’ आणि त्या बिचाऱ्याने ते खरं धरलं होतं.

पहिलं वाक्य असं होतं : ‘आपल्या शाळेत मुलांसाठी पाच नळ आहेत, पण पाणी एकालाच येतं आणि तो कोणता हे पाचवीतल्या मुलांना दिवाळीपर्यंत कळत नाही.’ वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण प्रमुख पाहुणे म्हणून संस्थेचे पदाधिकारी येणार होते आणि नळांचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून होता. मुख्याध्यापक म्हणाले, ‘आशय ठेवा, नळ काढा.’ मी लिहिलं, ‘शाळेने आम्हाला पाण्याचं महत्त्व शिकवलं.’

दुसरं वाक्य : ‘गणिताच्या सरांनी आम्हाला पट्टीने मारलं म्हणून आज आम्ही इथे उभे आहोत.’ हे वाचून गणिताचे सर इतके भारावले की ते वाक्य दोनदा घ्यावं असं त्यांचं मत पडलं. एवढ्या वर्षांत आपल्याबद्दल कोणी मनापासून बोललेलं हे पहिलंच, असं ते म्हणाले. मुख्याध्यापकांना घाम फुटला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई आहे. आणि इथे एक विद्यार्थी त्याबद्दल माइकवरून, पालकांदेखत, मोबाइलमध्ये चित्रीकरण चालू असताना आभार मानणार होता. ‘सर, हा सत्कार नाही, हा पुरावा आहे,’ मुख्याध्यापक म्हणाले. सरांचं म्हणणं, पट्टी त्यांनी फक्त टेबलावर आपटली होती. मुलगा म्हणाला, ‘टेबलावर माझा हात होता.’ अखेर तडजोड झाली. ‘सरांच्या पट्टीमुळे आमच्या आयुष्याच्या रेषा सरळ झाल्या.’ यात पट्टी राहिली, सर राहिले आणि हात गेला.

तिसरं वाक्य इतिहासाच्या बाईंबद्दल होतं. ‘जेवणाच्या सुट्टीनंतर बाईंचा तास असायचा, त्यामुळे झोप छान लागायची.’ मी ते बदलून ‘इतिहासाच्या तासाला आम्ही स्वप्नं पाहायला शिकलो’ असं केलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं.

चौथं होतं पी.टी.च्या तासाबद्दल. तो तास वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा गणिताचे सर हातात खडू घेऊन यायचे. त्याचं मी ‘क्रीडा आणि अभ्यास यांचा सुरेख मेळ शाळेने घातला’ असं केलं.

पाचव्या वाक्यावर पेन थांबलं. ‘आठवीपर्यंत शाळेत खिचडी मिळायची, नववीपासून बंद झाली, त्या दिवशी मोठं झाल्यासारखं वाटलं आणि वाईट वाटलं.’ पोषण आहार पहिली ते आठवीलाच असतो, हा सरकारचा नियम. नववीतलं पोर जून महिन्यात वऱ्हांड्यातून जाताना पातेल्याकडे कसं बघतं, हे आम्ही सगळे दरवर्षी पाहतो आणि कोणीही त्यावर बोलत नाही. अख्ख्या कागदात शाळेतलं खरं दुःख एवढंच होतं. ते मी तसंच ठेवलं.

राहता राहिली क्षमायाचना. ‘कळत-नकळत आमच्याकडून काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करावं’ या वाक्याशिवाय निरोपाचं भाषण पुरं होत नाही. या वाक्याची खुबी अशी, की माफी सगळ्यांची मागितली जाते आणि गुन्हा एकाचाही सांगितला जात नाही. शिक्षकही लगेच मान हलवून माफ करतात, कारण नेमकं काय माफ केलं हे विचारायला गेलं तर कार्यक्रम पुढे जायचा नाही. आमच्या या मुलाला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने ‘चुका’ असं लिहून पुढे आकडे घातले होते. एक, डस्टर कौलांवर टाकलं ते मी. दोन, प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला स्काउटची टोपी घातली ती आम्ही तिघांनी, नावं सांगत नाही. तीन, निरीक्षणाला साहेब आले त्या दिवशी घंटा दहा मिनिटं आधी वाजली ती मामांनी वाजवली नव्हती.

तिसरा मुद्दा वाचून मला घाम आला, कारण त्या घंटेपायी शिपाई मामांना लेखी खुलासा द्यावा लागला होता. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘अरे, तोंडी परीक्षा व्हायच्या आहेत. आत्ता कशाला कबूल करतोस?’ तो म्हणाला, ‘बाई, माफी आत्ताच मागायची आहे ना?’ यावर मराठीच्या शिक्षिकेकडे काही उत्तर नसतं. यादी काढून टाकली आणि त्याला मामांकडे एकट्याने पाठवलं. मामांनी त्याला काय म्हटलं ते कळलं नाही, पण त्या दिवसापासून समारंभ होईपर्यंत शाळेची घंटा तो वाजवत होता.

समारंभाच्या दिवशी मंडप शाळेच्या पटांगणात. आयोजन नववीचं, कारण निरोप नववी देते. वर्गणी काढणं, फलकलेखन, रांगोळी, प्रत्येकाला एक गुलाब आणि एक पेन, आणि शेवटी समोसा, वेफर्स, पेढा हे सगळं त्यांच्याकडे. मुली आईच्या साड्या नेसून आल्या होत्या. एकेका साडीला इतक्या पिना होत्या, की बसायचं म्हटलं तरी आधी मैत्रिणीला विचारावं लागत होतं. मुलं मोठ्या भावाच्या कुडत्यात होती आणि बाह्या दुमडून दुमडून कोपरापर्यंत आणल्या होत्या.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय एवढं पार पडल्यावर दहावीचं मनोगत येतं. त्याला पाच मिनिटं दिलेली असतात. त्यातली दीड संबोधनात जातात. व्यासपीठावर जितक्या खुर्च्या तितकी विशेषणं लागतात आणि कोणालाही कमी पडून चालत नाही. अध्यक्षांना ‘आदरणीय’ म्हटलं तर पाहुण्यांना निदान ‘सन्माननीय’ लागतं, मुख्याध्यापकांना ‘वंदनीय’, शिक्षकांना ‘गुरुजनवर्ग’, आणि इतकं वाटून झाल्यावर जे काही उरतं ते ‘आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’ म्हणून नववीच्या पदरात पडतं. भाषण पुढेही याच हिशेबाने वाटलं जातं. संस्थेला एक परिच्छेद, शिक्षकांना दोन, आईवडिलांना एक, माफीला एक, आणि धाकट्यांना शेवटी एक ओळ : ‘खूप अभ्यास करा आणि शाळेचं नाव उज्ज्वल करा.’ खुर्चीवर बसलेल्यांनी अशी भाषणं पंचवीस वर्षं ऐकलेली असतात. ज्यांच्यापुढे दहावीचं वर्ष उभं असतं, ते मंडपाच्या मागे पेपर प्लेटा मांडत असतात.

पहिल्या नंबरची मुलगी उत्तम बोलली. ‘डोळ्यांच्या कडा ओलावल्या’पाशी आली आणि खरोखरच रडू लागली. सहामाहीला न आलेलं पाणी त्या दिवशी आलं. तिला पाहून पहिली रांग, पहिली पाहून दुसरी. मुलं पंख्याकडे बघत होती. मंडपात पंखा नव्हता, पण सवयीने बघत होती. यातली निम्मी मंडळी संध्याकाळी साडेसहाला एकाच क्लासला एकाच बाकावर बसणार होती, तरी त्या रडण्याला खोटं म्हणवत नाही. क्लासच्या बाकावर पुढच्या मुलीच्या वेणीला खडू बांधता येत नाही.

मग मुलगा उठला. संबोधन त्याने बिनचूक पार पाडलं. पाण्याचं महत्त्व सांगितलं, तेव्हा मागून पाचवीतला कोणी हसला. ‘सरांच्या पट्टीमुळे आमच्या आयुष्याच्या’ इथपर्यंत तो आला आणि अडला. पाठ केलेलं भाषण अडलं की वाक्याच्या सुरुवातीला परत जावं लागतं. तो दोनदा गेला. तिसऱ्यांदा जाणार एवढ्यात वीज गेली आणि माइक बंद पडला.

व्यासपीठावर पाहुणे मागे वळून वायरमनला शोधू लागले. मुख्याध्यापक मला खुणेने ‘त्याला बसव’ म्हणत होते. पण त्याने कागद कुडत्याच्या खिशात कोंबला, व्यासपीठावरून दोन पायऱ्या खाली उतरला आणि ज्या आवाजासाठी त्याला निवडला होता त्या आवाजात मंडपाच्या मागच्या टोकाला उभ्या असलेल्या नववीला हाक मारली.

‘ए नववी, ऐका रे. प्रयोगवही जूनपासून लिहा. आम्ही डिसेंबरात लिहायला बसलो आणि एकमेकांची बघून लिहिली. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर एकाने चुकीचं काढलं, तर वर्गात अठ्ठेचाळीस जणांचं तेच आलं. सरांनी पहिल्या दोन वह्या बघितल्या आणि बाकीच्या न उघडता परत दिल्या.’

विज्ञानाच्या सरांनी मान डोलावली.

‘ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोर्डाचा फॉर्म भरतात. नंतर प्री-लिस्ट येते, तीवर सही घेतात. ती वाचून सही करा. आपलं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं. आमच्यातल्या एकाने घाईत सही केली, त्याच्या आईच्या जागी मावशीचं नाव होतं. आता रोज ऑफिसात हेलपाटे घालतोय आणि मावशीही हसतेय.’

‘प्रिलिमचे मार्क बघून रडू नका. सर मुद्दाम कडक तपासतात. पण पेपर घरी नेऊन चुकलं काय ते बघा. मला प्रमेय येत होतं. पण पक्ष आणि साध्य लिहिलंच नाही, एकदम सिद्धता लिहीत सुटलो. सर म्हणाले, काय सिद्ध करतोयस ते मला तरी कळू दे.’

‘खिडकीजवळचा तिसरा बाक डुगडुगतो. परीक्षेला तिथे नंबर आला तर पायाखाली कागदाची घडी घाला, पर्यवेक्षकांना विचारून घाला. मराठीच्या बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असल्या तरी त्यांना मागचं सगळं दिसतं, कपाटाची काच त्यांच्या समोर आहे.’

हे मी दहा वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं.

‘आणि पाणी तिसऱ्या नळाला येतं.’

वीज आली. माइक खरखरला. तो पायऱ्या चढून वर गेला, खिशातला चुरगळलेला कागद सरळ केला, पण मधलं सगळं गाळून एकदम शेवटच्या ओळीवर आला आणि ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो, जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणून खाली बसला. खिचडीचं वाक्य त्यातच गेलं. तपासताना वाचवलेलं ते एकच होतं. पाहुण्यांनी आपल्या भाषणात ‘पहिल्या विद्यार्थिनीचे विचार फार मौलिक होते’ असं सांगितलं. विद्यार्थ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण त्याचं ऐकूच आलं नव्हतं. पण जिथे ऐकू जायला हवं तिथे तरी किती गेलं? नववीतल्या चार मुली रांगोळीचं रक्षण करत जवळ उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्यातल्या एकीने ‘प्री-लिस्ट’ असं तळहातावर लिहूनही घेतलं. बाकीची नववी समोसे मोजत होती. एकशे दहा सांगितले होते आणि एकशे चार आले होते.

त्यानंतर दहावीने शाळेला भेटवस्तू दिली. भिंतीवरचं घड्याळ. आमच्याकडे प्रत्येक बॅच घड्याळ देते आणि खाली वर्ष रंगवून देते. प्रत्येक खोलीत एक घड्याळ आहे आणि ज्याची-त्याची वेळ निराळी आहे. घंटा मामांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे होते.

निरोप झाला म्हणजे मुलं गेली, असं बाहेरच्यांना वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला यातली अर्धी मुलं हॉल तिकिटाची चौकशी करायला शाळेत हजर असतात. मग तोंडी परीक्षेला येतात, प्रात्यक्षिकाला येतात, निकालानंतर गुणपत्रिका न्यायला येतात, अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला मागायला येतात. काल ज्यांच्यासाठी कंठ दाटून आला होता त्यांना ‘पुन्हा कशाला आलास?’ असं आठवड्याभरात विचारावं लागतं. शाळेचा खरा निरोप क्लार्क देतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. तो काही गहिवरत नाही. ‘प्रगती’ या रकान्यात ‘चांगली’, ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’, शाळा सोडण्याच्या कारणात ‘दहावी उत्तीर्ण’, आणि पुढचा. डस्टर, सांगाडा आणि घंटा यांची नोंद सरकार-दरबारी कुठेही राहत नाही. कळत-नकळत झालेलं सगळं माफ होतं ते तिथे.

पुढच्या जानेवारीत नववीची दहावी झालेली होती. त्यांच्यातला मोठ्या आवाजाचा मुलगा माझ्याकडे आला. समोसे मोजण्यात तोच पुढे होता. ‘बाई, भाषण करायचंय. गेल्या वर्षी दादाने काय सांगितलं होतं?’

मी म्हटलं, ‘तू तिथेच होतास ना?’

‘होतो बाई, पण सहा समोसे कमी होते.’

मी कपाटातून जुना कागद काढून दिला. त्याने तो नीट वहीत उतरवून घेतला. पाण्याचं महत्त्व, पट्टी, स्वप्नं, क्रीडेचा मेळ, सगळं. दरम्यान इतिहासाच्या बाईंची बदली झाली होती, मुख्याध्यापक निवृत्त झाले होते आणि गणिताचे सर दुसऱ्या शाखेत गेले होते. नावं बदल, असं मी त्याला बजावून सांगितलं. त्याने पाहुण्यांचं नाव तेवढं बदललं. समारंभात तो न अडखळता बोलला, वीजही गेली नाही, आणि मंडपात हजर नसलेल्या तिन्ही शिक्षकांचे आभार ऐकून नव्या मुख्याध्यापकांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.